झगमगीत मंडळ आणि आषाढातली वांगी

परदेशातील एखाद्या महाराष्ट्र मंडळाचे संकेतस्थळ जितके झगमगीत, तितका माझा त्याच्यावरचा संशय बळावतो. हे मत मी अमळनेरात बसून बनवले आहे. ताईची मुलगी आणि जावई इंग्लंडच्या उत्तरेकडील एका शहरात नुकतेच स्थायिक झाले आहेत. दोघेही नोकरीत गुंतलेले असल्याने नातीला गणपती कुठे दाखवायचा आणि ज्वारीचे पीठ कुठून आणायचे, हा शोध ताईने माझ्यावर सोपवला. पतपेढीत कर्जदारांचे कागद तपासण्यात माझी हयात गेली, आणि सातबाऱ्यावरची खाडाखोड ज्याला दिसते त्याला इंटरनेटवरचीही दिसायलाच हवी, असे ताईचे म्हणणे आहे. ती धुळ्याहून लिंकमागून लिंक पाठवते आणि प्रत्येकीखाली एकच ओळ लिहिते, “भाऊ, हाई खरं शे का?”

पहिलीच लिंक उघडली तर वर सोनेरी मुकुटाचा भव्य गणपती आणि खाली उलटे धावणारे घड्याळ, “फक्त 9 जागा शिल्लक”. दुसऱ्या दिवशी पाहिले, तरीही 9 च शिल्लक होत्या. मंडळ “1987 पासून आपल्या सेवेत” होते. तिकीट माणशी 25 पौंड, आणि सभागृहाचा पत्ता पैसे भरल्यानंतर कळवण्यात येणार होता. लग्नाचा मांडव कुठे आहे हे आहेर घेतल्यावरच सांगणारा यजमान खानदेशात तरी माझ्या पाहण्यात नाही.

ताईचे म्हणणे पडले की पत्त्याच्या डाव्या बाजूला कुलूप दिसते आहे, तेव्हा स्थळ सुरक्षित असणारच. तिला समजावता समजावता माझा चहा निवला. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की आपण भरलेली माहिती वाटेत तिसऱ्या कोणाला वाचता येत नाही. ती ज्याच्या हाती पडते तो भामटा आहे की सज्जन, याविषयी कुलूप काहीही बोलत नाही. पत्त्याच्या शेवटी .org असणे हेही प्रतिष्ठेचे लक्षण नव्हे, कारण ते नाव पैसे भरून कोणालाही घेता येते. ते केव्हा घेतले, हे मात्र lookup.icann.org येथे फुकट पाहता येते. 1987 पासून सेवेत असलेल्या या मंडळाने आपले नाव तीन आठवड्यांपूर्वी नोंदवले होते. मालकाचे नाव तिथे झाकलेले होते, परंतु ते मी त्याच्या विरोधात धरले नाही, कारण हल्ली प्रामाणिक लोकांचीही नावे तिथे झाकलेलीच असतात.

निकाल लागला तो धर्मादाय क्रमांकाने. इंग्लंड आणि वेल्समध्ये नोंदणी झालेल्या धर्मादाय संस्थांची यादी ‘चॅरिटी कमिशन’ या सरकारी कचेरीच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली असते. तिथे संस्थेचे नाव, विश्वस्त, मिळकत आणि खर्च पाहायला मिळतात, तसेच संस्थेने दिलेला संकेतस्थळाचा पत्ताही मिळतो. आपल्या झगमगीत मंडळाच्या तळाशी असा क्रमांक होता, आणि तो खरा होता! ताईने लगेच फोनवर “बघ, मी म्हणत नव्हते?” असे ऐकवले. मात्र पतपेढीत एक शिस्त अंगी मुरते, की कर्जदाराने आणलेल्या कागदावरचा फोन नंबर फिरवून कर्जदाराची चौकशी करायची नसते. संकेतस्थळावरून यादीकडे जाण्यात अर्थ नाही, कारण क्रमांक कोणालाही उतरवून घेता येतो. जायचे ते यादीवरून संकेतस्थळाकडे. त्या क्रमांकाच्या नोंदीत मंडळाचे नाव तेच होते, पण संकेतस्थळाचा पत्ता निराळाच होता.

तो पत्ता टाकला आणि पडद्यावर पत्त्यांचा जुगार अवतरला. नाव खऱ्या मंडळाचे, आत मात्र तीन पत्ती. घडते ते असे: मंडळाची कार्यकारिणी बदलते, नाव ज्याने घेतले होते तो सभासद नोकरी बदलून दुसऱ्या गावी जातो, नूतनीकरणाची पत्रे त्याच्या जुन्या ईमेलवर पडून राहतात आणि मुदत संपली की जुगारवाले ते नाव उचलतात. अशा वेळी मंडळ खरे असते आणि त्याचा पत्ता खोटा ठरतो. नवा पत्ता मला त्याच नोंदीत ठेवलेल्या वार्षिक अहवालात सापडला. छोट्या मंडळांचे अहवाल तिथे मिळतीलच असे नाही, आणि मिळकत अगदी थोडी असलेल्यांना तर नोंदणीचीही सक्ती नसते, त्यामुळे यादीत नाव नाही म्हणून कोणाला लबाड म्हणता येत नाही. भाची अमेरिकेत असती, तर 1981 साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या सदस्य मंडळांची यादी मी आधी उघडली असती.

खरे संकेतस्थळ पाहून डोळे भरून आले. मुखपृष्ठावर दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या शुभेच्छा होत्या आणि अध्यक्षांचे छायाचित्र आडवे होते. गणेशोत्सवाच्या पानावर मात्र सभागृहाचा संपूर्ण पत्ता पोस्टकोडसह दिलेला होता. 2025 ची गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला, बुधवारी येत होती, म्हणून मंडळाने उत्सव शनिवारी ठेवला होता. खाली सूचना अशी, की वाहनतळ लहान आहे, चपला कपाटात ठेवाव्यात आणि मोदकांसाठी नावे आठ दिवस आधी द्यावीत, “नंतर तक्रार चालणार नाही”. हे शेवटचे वाक्य वाचून उरलासुरला संशयही फिटला. पैसेही मंडळाच्या नावाच्या खात्यात भरायचे होते. झगमगीत मंडळाचे खाते एका व्यक्तीच्या नावावर होते.

किराण्याच्या शोधात मला जन्मभूमी उपयोगी पडली. ताईने जुलैत, म्हणजे ऐन आषाढात, एका दुकानाची लिंक पाठवली. “जळगावची ताजी भरीत वांगी, घरपोच”, भाव तिथल्या साध्या वांग्यापेक्षाही कमी. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते वांगे फिकट हिरवे असते आणि त्याचा खरा हंगाम थंडीचा, जेव्हा शेतात काट्याकुट्या पेटवून भरिताच्या पार्ट्या झडतात. छायाचित्रातले वांगे जांभळेकुट्ट होते. एवढ्यावर कोणताही खानदेशी माणूस निकाल देईल, पण फाईल पूर्ण असावी म्हणून मी ratings.food.gov.uk उघडले. तिथल्या स्थानिक प्रशासनाचे निरीक्षक खाद्यपदार्थांच्या दुकानांची स्वच्छता तपासून 0 ते 5 गुण देतात, आणि नाव व पोस्टकोड टाकून ते कोणालाही पाहता येतात. दिलेल्या पोस्टकोडवर या नावाचे दुकानच नव्हते. नकाशात पाहिले तर तिथे कपडे धुण्याचे दुकान निघाले.

भाचीच्या शहरात मराठी माणसाचे वाणसामानाचे दुकान मला सापडले नाही, आणि तसा हट्टही धरू नये. ज्वारीचे पीठ बहुधा गुजराती दुकानांत मिळते. पाकिटावर juwar flour असे लिहिलेले असते, आणि उडदाला तिकडे urid म्हणतात. ‘मराठी किराणा’ असे शोधत बसले तर उपाशी राहण्याची पाळी येते. असे एक दुकान भाचीच्या घरापासून दोन बसथांब्यांवर निघाले. गुण 5, संकेतस्थळ इतके ओबडधोबड की हळदीच्या जागी मोहरीचे छायाचित्र. मी ते तत्काळ मंजूर केले. कळण्याचे तयार पीठ तिथे नाही, म्हणून भाचीने ज्वारीचे आणि उडदाचे पीठ वेगवेगळे आणून घरीच मिसळले. भाकरी थापताना फुटते, असा तिचा ताईकडे निरोप आला. ताईने तो मला पाठवला आणि खाली लिहिले, “भाऊ, पीठ तरी खरं शे का?”