फट वाढवताना बॅटरीचा हिशेब

विद्युतचुंबक लोखंडाला किती बळाने ओढतो, ते मी एका लेखात चुंबक आणि लोखंड यांच्यातली फट किंचित वाढवून, ऊर्जा किती बदलते त्यावरून काढलं होतं. त्यावर एका वाचकाचा आक्षेप:

"तुम्ही फट वाढवताना फ्लक्स, म्हणजे फटीतून जाणारं एकूण चुंबकीय क्षेत्र, कायम धरला. प्रत्यक्षात बॅटरी जोडलेली असते, म्हणजे करंट कायम. मग फट वाढली की ऊर्जा घटते, आणि तुमच्याच रीतीने चुंबकाने लोखंडाला ढकलायला हवं! शिवाय लोखंड चिकटलं की फटच उरत नाही. मग ऊर्जा कुठली आणि बळ कुठलं?"

ऊर्जा घटते हे अगदी खरं, आणि लेखात मी ते लिहिलं नाही ही माझी चूक. पण ढकलण्याचा निष्कर्ष निघतो तो बॅटरी हिशेबाबाहेर राहिल्यामुळे.

लेखातलाच नालाकृती चुंबक घेऊ: ८०० वेढे, २ अँपिअर, प्रत्येक टोक १० चौरस सेंटिमीटर, दोन्हीकडे १ मिलिमीटर फट. फटीत क्षेत्र B साधारण १ टेस्ला येतं. दर घनमीटरला B²/2μ₀ इतकी ऊर्जा धरली, इथे μ₀ हा निर्वाताचा चुंबकीय स्थिरांक, तर दोन्ही फटींत मिळून ०.८ जूल.

आता करंट २ अँपिअरवरच ठेवून लोखंड ०.१ मिलिमीटर खाली ओढा. फटींतली ऊर्जा ०.०७३ जूलने घटते. पण फ्लक्सही घटतो, त्यामुळे गुंडाळीत करंटच्याच दिशेने व्होल्टेज तयार होतं आणि करंट तेवढाच राखायला बॅटरीला ०.१४५ जूल कमी द्यावे लागतात. म्हणजे गुंडाळीकडून बॅटरीच्या बाजूला ०.१४५ जूल गेले, क्षेत्राने त्यातले निम्मेच दिले. उरलेले निम्मे कुठून आले? ओढणाऱ्या हातातून. ते ०.१ मिलिमीटरने भागा: सरासरी सुमारे ७२५ न्यूटन, आणि दिशा ओढीचीच. फ्लक्स कायम धरून सुरुवातीचं बळ ०.८ जूल भागिले १ मिलिमीटर, म्हणजे ८०० न्यूटन येतं. फट १.१ मिलिमीटर झाल्यावर ते ६६० न्यूटनपर्यंत उतरतं. दोन्ही रीती जुळतात. फ्लक्स कायम धरला की बॅटरीशी देवाणघेवाणच होत नाही, म्हणून मी तो सोपा रस्ता घेतला होता.

चिकटलेल्या लोखंडाचं म्हणाल तर बळ साठलेल्या ऊर्जेवर ठरत नाही. फट उघडायला दर मिलिमीटरला किती ऊर्जा घालावी लागेल, त्यावर ठरतं. म्हणून फट शून्य असली तरी प्रत्येक टोकाला B²A/2μ₀ हे बळाचं सूत्र लागू पडतं, A म्हणजे टोकाचं क्षेत्रफळ. मात्र इथे वेढ्यांवरून B काढू नका. ०.१ मिलिमीटर फटीला तो हिशेब १० टेस्ला सांगेल, आणि लोखंड २ टेस्लाच्या आसपास संपृक्त होतं, म्हणजे भरतं: करंट वाढवला तरी क्षेत्र फारसं वाढत नाही. १.६ टेस्ला मिळाला तर दोन्ही टोकं मिळून सुमारे २०० किलो वजन धरतील.

संपृक्तता ओळखायची खूण: करंट दुप्पट केल्यावर बळ चौपट व्हावं. जेमतेम वाढलं तर लोखंड भरलं आहे असं समजा. टोकांना वहीचा एक कागद लावूनही पाहा, त्याची जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. ०.१ अँपिअरला त्या कागदाने ओढ झटकन उतरते. २ अँपिअरला, लोखंड भरलेलं असल्यामुळे, फरक फारच थोडा पडतो.