ड्युटी भरायला ना नव्हतीच

"तुम्हा परदेशवाल्यांना सगळं फुकटात आणायचं असतं, ड्युटी म्हटलं की भांडायला उभे. तिकडे जर्मनीत गुपचूप भरता ना?" हे आमच्या फॅमिली ग्रुपवर दादाने लिहिलं, खाली सात जणांचे अंगठे.

अरे दादा, डिसेंबर २०२४ मध्ये भाच्याचा कॅमेरा घेऊन आले तेव्हा विमानतळावर मी स्वतःच्या पायाने कस्टम्सच्या रेड चॅनलला, म्हणजे ड्युटी लागणारं सामान दाखवायच्या रांगेत, गेले होते. भांडले ती किंमत काय धरायची यावरून.

कॅमेऱ्याचं बिल होतं ११९० युरोचं. तेव्हाचा भाव सोयीसाठी ९० रुपये धरा, म्हणजे १,०७,१०० रुपये. त्या वेळी ५०,००० पर्यंत माफ होतं, वरच्या ५७,१०० वर सरचार्ज धरून ३८.५ टक्के, म्हणजे साधारण २२ हजार. तेवढे मी वेगळे काढूनच ठेवले होते. पण काउंटरवरच्या साहेबांनी बिल बघितलं न बघितलं, मोबाईलवर आपल्याकडची एक शॉपिंग साइट उघडली आणि म्हणाले, मॅडम हा तर एक लाख पंचेचाळीसचा आहे. म्हणजे ९५,००० वर ड्युटी, ३६,५७५ रुपये!

आता मला सांगा, त्या साइटवरच्या किमतीत आधीच इम्पोर्ट ड्युटी आहे, १८ टक्के जीएसटी आहे, दुकानदाराचा नफा आहे. त्या सगळ्यावर माझ्याकडून पुन्हा ड्युटी? मी हेच बोलले तर साहेब म्हणाले, ईमेलवरचं बिल काय कोणीही बनवतं. हे मात्र मला लागलं, कारण इथे जर्मनीत कोणी माझ्या बिलाकडे अशा नजरेने बघत नाही (निदान मला तरी तसं वाटतं). मग मी बिलावरचा सिरियल नंबर कॅमेऱ्याच्या बुडाशी लावून दाखवला, बँकेच्या अ‍ॅपमधली त्याच तारखेची तेवढ्याच रकमेची नोंद दाखवली, आणि वरच्या साहेबांना भेटायचंय म्हटलं. पाऊण तास गेला, बाहेर बाबा थर्मास घेऊन उभे. शेवटी १,२०,००० धरले, ७०,००० वर २६,९५० भरले. ही १,२०,००० कुठून आली ते कोणी सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही, दमले होते.

ग्रुपवर वहिनी म्हणतात, चौघं असलो की दोन लाखाची एक वस्तू फ्री. नाही हो वहिनी, प्रत्येकाची सूट ज्याची त्याची, चौघांची मिळून एका कॅमेऱ्यावर लावता येत नाही. मामींनी मध्येच दुबईच्या बांगड्यांचं काढलं, त्याचे नियमच वेगळे, त्यात मी पडत नाही.

खरं माहिती असलेले एकच, वाशीचे काका, आयुष्य कस्टम्स क्लिअरिंगमध्ये गेलं त्यांचं. त्यांनी मला झापलं. म्हणाले, पावती घेऊन निघालीस कशी? किंमत मान्य नाही असं तिथेच लिहून द्यायचं, लेखी ऑर्डर मागायची, मग ६० दिवसांत कमिशनर अपील्सकडे जाता येतं, आणि तिथे हरलीस तर बॅगेजचं प्रकरण ट्रिब्युनलला जात नाही, केंद्र सरकारकडे रिव्हिजन. पाच हजारासाठी कोण करणार, हे तेही जाणून आहेत. काकांच्या मते ११९० मधला १९० चा जर्मन टॅक्सही वजा व्हायला हवा होता. मला नाही पटत, मी इथली रहिवासी, तो टॅक्स मला परत मिळत नाही, मी खरंच ११९० मोजले. यावर आमचं अजून चालू आहे.

आणि हो, जर्मनीचं कौतुक सांगायला बसले होते खरी, पण इथे विमानाने येताना सूट फक्त ४३० युरो, आणि ५०० युरोचं एकच घड्याळ असेल तर वरच्या ७० वर नाही, अख्ख्या ५०० वर भरायचं. आपल्याकडे निदान सूट वजा करतात. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. तसंच हेही नाही लिहिलं की त्याच ट्रिपला परत येताना आईने दिलेल्या नव्या पाटल्या हातात घालून, स्वेटरची बाही खाली ओढून मी इथल्या ग्रीन चॅनलमधून काही न दाखवता सरळ बाहेर आले. कोणी थांबवलं असतं तर एक शब्द बोलले नसते, सांगतील ते भरून मोकळी झाले असते.

काउंटरवर एक गोष्ट झाली ती मात्र डोक्यातून जात नाही. साहेबांनी विचारलं, "परत नेणार की इथेच राहणार?" मी म्हटलं, तीन आठवडे आहे, मग जायचंय, पण आईबाबा इथेच असतात, घर पण आहे नाशिकला, पुढचं अजून ठरलेलं नाही...

"मॅडम," ते म्हणाले, "कॅमेऱ्याचं विचारतोय."