ग्रामसभेची सूचना संकेतस्थळावर सुरक्षित कशी झाकावी

आपल्या ग्रामपंचायतीचे संकेतस्थळ सुरू झाल्याबद्दल सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि संगणक परिचालक यांचे अभिनंदन. मुख्य पानावर 17 सप्टेंबरच्या ध्वजवंदनाचे फोटो सरकत आहेत, त्याखाली पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे मानाच्या क्रमाने लागली आहेत, म्हणजे निम्मे काम झालेच. उरलेले निम्मे नाजूक आहे, कारण 26 जानेवारीची ग्रामसभा जवळ आली आहे आणि तिची सूचना संकेतस्थळावर टाकावी लागणार आहे. ती टाकलीही पाहिजे आणि कोणाला दिसताही कामा नये.

समजा, आपले गाव बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात आहे आणि मतदार 1,840 आहेत. गणपूर्तीसाठी मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी माणसे लागतात. 1,840 चे 15 टक्के 276 होतात, म्हणून आपल्याला 100 पुरतात. मात्र आपल्याला 100 नको आहेत. 60 आले की सभा तहकूब करता येते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, ही सोय ज्याने कायद्यात ठेवली त्याला आपल्यासारख्यांची कल्पना असावी. तेव्हा पहिल्या सभेला गर्दी होऊ न देणे, एवढेच संकेतस्थळाचे काम आहे.

ऋतूही आपल्या बाजूने आहे, कारण जानेवारीत निम्मे गाव ऊसतोडीला गेलेले असते. धोका एवढाच की कोल्हापूर-सांगलीकडच्या फडावरही प्रत्येक कोपीत एक तरी मोबाइल असतो, आणि सूचना साध्या चार ओळींत मुख्य पानावर दिसली, तर तिथला एखादा गडी गावातल्या भावाला फोन करून म्हणेल, "सभेला जा, अन् घरकुलाच्या यादीत आपलं नाव हाय का ते बघ." हा फोन टाळण्यासाठी सूचनेच्या कागदाचा रंगीत फोटो काढावा, त्याची जमेल तितकी जड पीडीएफ करावी, तिचे नाव scan0001.pdf ठेवावे आणि ती 'माहिती', 'इतर', 'संकीर्ण' अशा तीन दालनांच्या आत ठेवावी. फडावरच्या तुटक्या नेटवर्कवर ती उघडण्याआधीच कोयता पुन्हा हातात येतो. फोटोतला मजकूर शोधाच्या चौकटीत सहसा सापडत नाही, हा आणखी एक लाभ.

कोणी मजकूर टाइप करूनच हवा असा हट्ट धरला, तर कृतीदेव फॉन्टमधील मसुदा जसाच्या तसा चिकटवावा. ज्याच्या मोबाइलमध्ये तो फॉन्ट नाही, म्हणजे बहुतेक सर्वांनाच, 'ग्रामसभा' हा शब्द xzkelHkk असा दिसेल. युनिकोडमध्ये रूपांतर करण्यास फार वेळ लागत नाही, ही बाब परिचालकाने मनातच ठेवावी.

विषयपत्रिकेत मागील इतिवृत्त वाचून कायम करणे आणि जमाखर्चास मंजुरी देणे हे दोनच विषय असावेत. लाभार्थी निवड, विकास आराखडा आणि पाणीपुरवठा हे सर्व 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय' या ओळीत सुखाने मावते. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. तिची तारीख देताना वेळ न दिल्यास हरकत घेणारी बाई निदान दोन वेळा हेलपाटा घालील.

योजनांच्या दालनाबाबत फार काळजी नको. अर्जाला कोणती कागदपत्रे लागतात, ती कोठे द्यायची आणि शेवटचा दिवस कोणता, हे सोडून शासन निर्णयाची सर्व पाने तिथे ठेवावीत.

आता वेळेबद्दल. सूचना किमान 7 दिवस आधी द्यावयाची असते, म्हणून कागदावर 16 जानेवारी ही तारीख घालावी आणि फाइल 25 तारखेला रात्री चढवावी. संकेतस्थळावर प्रत्येक सूचनेखाली ती चढवल्याचा दिनांक आपोआप दिसत असेल, तर ती सोय 'तांत्रिक कारणास्तव' बंद करून घ्यावी. तरीही परभणी किंवा लातूरला शिकून आलेले एखादे पोर फाइल उतरवून तिचे गुणधर्म उघडेल आणि ती 25 जानेवारीला रात्री तयार झाल्याचे ग्रामसभेतच वाचून दाखवील. आपण गोंधळू नये. सूचना कार्यालयातील फलकावर 16 तारखेपासूनच होती, असे ठाम सांगावे. फलक कुलूपबंद कार्यालयाच्या आत आहे, हे त्याच्या लक्षात येण्यापूर्वी गणपूर्तीअभावी सभा तहकूब करावी, आणि तहकूब सभेची तारीख मात्र संकेतस्थळावर टाकायची राहून जावी.