ए प्लससाठी 75 टक्के धरा म्हणणाऱ्यांना

"ए प्लस म्हणजे 70 टक्के. सेफ साइडला 5 वाढवा आणि 75 चं टार्गेट ठेवा. इंटर्नल तर सगळ्यांना मिळतातच, म्हणजे पेपरातही 75 टक्के आले की काम झालं. सगळ्या विषयांना हाच हिशोब लावा, उगाच डोकं खाऊ नका."

परीक्षेचं वेळापत्रक लागलं की हा निरोप विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरू लागतो. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे, आणि काठावर लक्ष्य ठेवू नये ही त्यातली मूळ भावनाही बरोबर आहे. पण त्यातलं एकेक वाक्य उचलून पाहिलं तर हिशोब जागोजागी गळतो.

आधी त्या 70 चं बघू. मुंबई विद्यापीठाच्या श्रेयांक पद्धतीचा जो तक्ता बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असतो, त्यात ओ 80 पासून, ए प्लस 70 ते 79.99, ए 60 ते 69.99, बी प्लस 55 ते 59.99 आणि बी 50 ते 54.99 असे पट्टे आहेत. त्या तक्त्यापुरतं 70 बरोबर आहे. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने ओ, ए प्लस, ए ही अक्षरं आणि त्यांचे 10, 9, 8 असे गुणांक सुचवले, तरी कुठल्या अक्षराला किती टक्के लागतील हे विद्यापीठांवर सोडलं. मुंबईतच त्याआधीच्या सात श्रेणींच्या पद्धतीत 70 ला ओ मिळायचा आणि ए प्लस नव्हताच. त्यामुळे मोठ्या भावाची किंवा सीनियरची गुणपत्रिका पाहून आकडा धरू नका. तुमच्या वर्षाच्या अभ्यासक्रमाला लागू असलेला तक्ता काढा. काही संस्थांत तर अक्षर टक्क्यांवर ठरतच नाही. सीबीएसईच्या बारावीत एखाद्या विषयात उत्तीर्ण झालेल्यांपैकी वरच्या एक-अष्टमांशांना ए-1 मिळतो. तिथे किती टक्क्यांना ए-1 मिळेल हे निकालाआधी कुणालाच सांगता येत नाही, कारण ते बाकीच्या मुलांवर अवलंबून असतं.

तक्त्यात 69.99 असं स्पष्ट लिहिलेलं असतं हेही लक्षात घ्या. 69 ला कुणीतरी वर ढकलेल, ग्रेस मिळेल, असं धरून लक्ष्य आखायचं नसतं.

आता इंटर्नल. हेच वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण यामुळे पुढचा सगळा हिशोब उलटा होतो. 75-25 च्या रचनेत पेपराला बसेपर्यंत 25 गुणांचा निकाल लागलेला असतो. ते गुण तुमच्या खिशात आहेत किंवा नाहीत. त्यात अंदाजाला जागा उरलेली नाही. अनिश्चितता फक्त उरलेल्या 75 मध्ये आहे, म्हणून राखीव गुणही तिथेच धरायचे. शंभरावर सरसकट 5 वाढवणारा माणूस ठरलेल्या गुणांवरही विमा काढतो आणि खरी जोखीम मोजतच नाही.

एक उदाहरण घेऊ. एका मुलीला अर्थशास्त्रात इंटर्नलला 25 पैकी 19 आहेत. ए प्लससाठी तिला पेपरात 51 हवेत, म्हणजे 75 पैकी 68 टक्के. तिच्या शेजारच्या मुलाला इंटर्नलला 12 आहेत. त्याच ए प्लससाठी त्याला 58 हवेत, म्हणजे 77 टक्के. निरोपात सांगितल्याप्रमाणे दोघांनी पेपरात 75 टक्के, म्हणजे 56 गुण मिळवले, तर मुलगी 75 वर थांबेल आणि मुलगा 68 वर. तिचा ए प्लस, याचा ए. सल्ला एकच, तोही दोघांनी शब्दशः पाळला. दोघांपैकी एकाला राखीव गुणांची गरज निघाली नाही, दुसऱ्याला ते पुरले नाहीत.

मग राखीव किती ठेवायचे? 5 हा आकडा आला कुठून, हे निरोपात सांगितलेलं नाही, आणि माझ्या मते तो हाताला बोटं पाच म्हणून आलेला आहे. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तो स्वतःच्या जुन्या निकालांतून काढता येतो. पेपर देऊन बाहेर आलं की प्रश्नपत्रिकेवर प्रत्येक उपप्रश्नासमोर आपल्याला किती मिळतील ते पेन्सिलीने लिहायचं आणि बेरीज करून ठेवायची. निकाल लागला की खरे गुण शेजारी मांडायचे. पेपर चांगला गेला की वाईट, हा प्रश्न इथे नाही. आपला अंदाज आणि परीक्षकाचा आकडा यांत किती अंतर पडतं, एवढंच बघायचं.

अर्थशास्त्रातल्या त्या मुलीच्या मागच्या सत्रातल्या पाच पेपरांचे अंदाज 58, 52, 61, 55 आणि 49 होते असं समजू. प्रत्यक्षात मिळाले 53, 50, 54, 52 आणि 47. फरक 5, 2, 7, 3 आणि 2. यात दोन गोष्टी दिसतात. एक, ती प्रत्येक वेळी स्वतःला जास्त गुण देते. सरासरी जवळजवळ 4 गुण. याला नशीब म्हणत नाहीत, ही सवय आहे. दोन, त्या सवयीच्या वर थोडी चढउतार आहे: कधी दोनच गुणांचा फरक, कधी सात. तिने 5 गुण राखीव ठेवले असते तर पाचपैकी चार पेपरांत ते पुरले असते. 7 ठेवले असते तर पाचही. म्हणजे ए प्लस हुकलेला चालणारच नसेल तर तिने 51 अधिक 7, असा 58 चा स्वतःच्या मोजणीतला आकडा धरावा. पेपर संपल्यावर पेन्सिलीची बेरीज 58 भरली पाहिजे. हे 75 पैकी 77 टक्के झाले.

राखीव काहीच न ठेवता, पण सवयीचे 4 गुण वजा करून, तिने नेमकं 51 वर नेम धरला तर काय होईल? साधारण निम्म्या वेळा ती वर जाईल, निम्म्या वेळा खाली. काठावर लक्ष्य ठेवणं म्हणजे नाणं उडवणंच असतं. पाच पेपरांच्या नोंदीवरून फार बारीक गणित करू नये हे खरं आहे. सत्रागणिक नोंदी वाढल्या की आकडा सुधारत न्यावा. पहिल्या सत्रात नोंदच नसते. तेव्हा जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी, स्वतःची बेरीज आधी लिहावी आणि मग शिक्षकांकडून तपासून घ्यावी.

आपले अंदाज बहुधा वरच का जातात, हे उत्तरपत्रिका तपासताना रोज दिसतं. मुलं "पूर्ण लिहिलं" याला पूर्ण गुण धरतात. परीक्षक मात्र मुद्दे मोजतो. आकृतीला नावं नसली, व्याख्येत अट राहिली, उदाहरण दिलं नाही, की 8 चे 6 होतात. अकाउंटन्सीसारख्या विषयात ताळेबंद जुळला की नाही हे मुलाला पेपरातच कळतं, म्हणून तिथे अंदाज खऱ्या गुणांच्या जवळ असतात. समाजशास्त्राच्या दीर्घोत्तरांत ते जास्त दूर जातात. म्हणून गणिती विषयांची आणि लेखी विषयांची नोंद वेगवेगळी ठेवा. सगळ्या विषयांना एकच हिशोब लावायची भाषा इथेच कोसळते.

"75 टक्के आले की झालं" या वाक्याचा दुसरा अर्थ पोरं परस्पर काढतात: 75 टक्के पोर्शन केला की झालं. 15-15 गुणांचे पाच प्रश्न असलेला पेपर घ्या. एक युनिट सोडलं की 60 उरले, आणि त्यात 58 मिळवायचे आहेत. दीर्घोत्तरी विषयात हे कुणाच्याच हातचं नाही. वेळ संपल्यामुळे शेवटचा अर्धा प्रश्न राहिला तरी लिहिलेल्या 67-68 गुणांपैकी 58 म्हणजे 86 टक्के लागतात, आणि पूर्ण पेपर लिहिला तर तेच 77. सोडलेल्या प्रश्नाला राखीव गुण पुरत नाहीत, कारण तिथे शून्य आधीच ठरलेलं असतं.

12 इंटर्नलवाल्या मुलाकडे परत येऊ. त्याच्या अंदाजांची सवय तिच्यासारखीच आहे असं मानलं तर ए प्लससाठी त्याच्या पेन्सिलीची बेरीज 58 अधिक 7, म्हणजे 65 भरायला हवी. त्याची आजवरची सर्वांत मोठी बेरीज 61 असेल, तर या विषयात ए प्लसचा नाद सोडणं शहाणपणाचं. ए साठी त्याला 48 हवेत, राखीव धरून 53 ते 55. हे त्याच्या आवाक्यात आहे. वाचलेले तास दुसऱ्या विषयाला देता येतात.

हे तास द्यायचे कुठे, तेही तक्त्यावरूनच ठरतं. 70 असो की 79, एसजीपीएत ए प्लसचे 9 च धरले जातात. म्हणून ज्या विषयात 58 ची बेरीज हमखास भरते तिथे आणखी रात्री घालवून गुणांक हलत नाही. खाली बी प्लसचा पट्टा फक्त पाच गुणांचा आहे: तिथे 7 गुण राखीव धरून तयारी केली आणि पेपर अंदाजाप्रमाणे गेला, तर थेट ए हाती लागतो. त्यात श्रेयांक बघायचे. 20 श्रेयांकांच्या सत्रात 4 श्रेयांकांच्या विषयात एक श्रेणी चढली की एसजीपीए 0.2 ने वाढतो, 2 श्रेयांकांच्या विषयात 0.1 ने.

60-40 ची रचना असेल तर 40 गुण आधीच ठरलेले असतात आणि उरलेला पेपर लहान होतो, त्यामुळे तिचे 7 राखीव गुण साधारण 6 वर येतील. पण अंतर्गत आणि लेखी दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं का, हे आधी पाहा. 75-25 मध्ये दोन्हींकडे 40 टक्क्यांची अट असेल तर लेखीत 30 च्या खाली आणि इंटर्नलला 10 च्या खाली बेरीज कितीही झाली तरी उपयोग नाही.