सर, लेख अप्रतिम! जागा आहे का?

आपल्याला हव्या त्या कंपनीतल्या कुणा अनोळखी इंजिनिअरने तांत्रिक लेख टाकला, की तो आपल्यासाठीच टाकलाय असं समजावं. वाचायची घाई नको. लेख वाचायला बाकीचे आहेत, आपल्याला आत शिरायचंय.

पण आधी एका मुद्द्याचं कौतुक करायचं असतं, असं कुणीतरी सांगून ठेवलंय. त्याला पहिलं उपशीर्षक पुरतं. समजा लेख रिट्रायवर आहे, म्हणजे सर्व्हर पडला की क्लायंटने पुन्हा कधी विचारायचं यावर. उपशीर्षक आहे 'दर ५ सेकंदांनी पुन्हा प्रयत्न'. झालं, लिहा:

"नमस्कार सर, दर ५ सेकंदांनी रिट्राय करण्याची आपली कल्पना फारच आवडली. आपल्याकडे काही ओपनिंग आहे का? रेझ्युमे जोडला आहे."

ती कल्पना म्हणजे लेखिकेने (हो, सर नव्हेत) कबूल केलेली चूक आहे, हे खाली जाऊन कोण बघतंय? हजारो क्लायंट एकाच क्षणी अडले, सगळे ५ सेकंदांनी एकदमच परत आले आणि जेमतेम उठून बसलेला सर्व्हर पुन्हा आडवा झाला. उरलेला लेख तेच निस्तरण्याचा: दर खेपेला थांबायचा वेळ दुप्पट करायचा आणि त्यात थोडा रँडम वेळ मिसळायचा, म्हणजे गर्दी पांगते. या मिसळीला जिटर म्हणतात. थोडक्यात, बाईंची झोप उडवणाऱ्या रात्रीबद्दल तुम्ही त्यांचं अभिनंदन केलंत. विसरणार नाहीत त्या.

'काही ओपनिंग' हे शब्द मात्र सोडू नका. करिअर पेजवर जाऊन नेमकी जागा आणि जॉब आयडी तुम्हीच शोधलात, तर त्यांनी काय करायचं? हाच मेसेज त्यांच्या टीममधल्या बाकी दहा जणांनाही पाठवा. ते एकाच ग्रुपवर असतात, तिथे अकरा स्क्रीनशॉट शेजारीशेजारी छान दिसतात.

माझ्या ओळखीच्या एका मुलीने हे सगळं बिघडवलं. तिने लिहिलं: "पैसे कापणाऱ्या रिक्वेस्टला तुम्ही रिट्राय बंद ठेवलात, हे पटलं. आमच्याकडे टाइमआउट व्हायचा, पण सर्व्हरवर काम झालेलं असायचं, आणि रिट्रायमुळे पैसे दोनदा कापले जायचे. आम्ही प्रत्येक व्यवहाराला इडेम्पोटन्सी की दिली. तीच की परत आली तर सर्व्हर जुनंच उत्तर देतो. तुम्ही हा मार्ग का टाळलात? शिवाय तुमच्या टीममधली बॅकएंडची जागा पाहिली, आयडी खाली दिलाय. ती अजून रिकामी आहे का?"

रेझ्युमे जोडलाच नाही! त्याच संध्याकाळी उत्तर आलं. दहा ओळी त्या कीबद्दल आणि शेवटी एक: "ती जागा भरली, पण शेजारच्या टीमला माणूस हवाय, रेझ्युमे पाठव." तुम्ही या फंदात पडू नका. त्यासाठी लेख शेवटपर्यंत वाचावा लागतो, आणि तेवढ्यात अकरा मेसेज सहज जातात.