एका मिनिटाच्या डेमोत ट्रिक दाखवू नका, मुलाचं चुकलेलं उत्तर दाखवा

क्लासवाल्या सर-मॅडमचे डेमो शॉर्ट्स हल्ली खूप बघते, मी स्वतः गणित शिकवते म्हणून जरा जास्तच लक्ष देऊन बघते, आणि बहुतेकांत तेच, पंधरा सेकंदात तिरकस गुणाकाराची ट्रिक, मागे म्युझिक, शेवटी ॲडमिशन चालू. पालकाला यातून काय कळतं? सरांना गणित येतं एवढंच. आपलं पोरगं अडलं की सर काय करतात ते कुठे दिसतं?

माझं म्हणणं आहे की शॉर्ट चुकीच्या उत्तरापासून सुरू करा. समजा 1/2 + 1/3. मुलाने लिहिलंय 2/5, म्हणजे वरचे वर मिळवले, खालचे खाली. ही चूक इतकी कॉमन आहे की पालक लगेच ओळखतात, अरे आमच्याकडे पण हेच होतं. पहिल्या पाच सेकंदात वहीवरचं हे उत्तर मोठं दिसू दे. लगेच "चूक" म्हणू नका, विचारा, "2/5 अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?" मूल विचार करेल, पाचाचे अर्धे अडीच, इथे तर दोनच, म्हणजे कमी. मग विचारा, "अर्ध्यात अजून मिळवलं तर अर्ध्यापेक्षा कमी कसं झालं?" इथे मूल तीन-चार सेकंद गप्प बसतं ना, ती शांतता एडिटिंगमध्ये कापू नका प्लीज!! उत्तर न सांगता तुम्ही थांबता का, हे पालकांना तिथेच दिसतं.

मग कागदाची एक पट्टी घ्या, सहा सारखे चौकोन आखलेली. अर्धी पट्टी म्हणजे तीन चौकोन, एक तृतीयांश म्हणजे दोन, एकूण पाच, म्हणून 5/6. छेद सारखा का करायचा हे वेगळं सांगावंच लागत नाही, चौकोन सारखे असल्याशिवाय मोजताच येत नाहीत हे समोर दिसतं. इथपर्यंत साधारण चाळीस सेकंद होतात. उरलेल्या वेळात मुलाला विचारा, "1/2 + 1/4 साठी पट्टीत किती चौकोन घेशील?" "चार" आलं तर समजलं. "सहा" आलं तरी चालेल, पण मग आधीचंच पाठ केलंय हे कळतं, सहा चौकोनांचा पाव भाग म्हणजे दीड चौकोन, तिथे त्याचं त्यालाच अडायला होतं, तेही शूट करा.

कॅमेरा वरून, हात आणि कागदावर ठेवा, मुलाचा चेहरा लागतच नाही (आवाज वापरायचा तरी त्याच्या पालकांना आधी विचारा). पट्टी फ्रेमच्या मधोमध हवी, खालच्या भागावर कॅप्शन येतं आणि चौकोन झाकले जातात.

आणि मूल खरंच चुकलेलं हवं, घोकवून चुकवलेलं नको, कारण तेव्हा "कमी कसं झालं" ला उत्तर फार पटकन येतं आणि बघणाऱ्याला ते कळतं. पालकांनो, एका मुलाबरोबरचा हा मिनिट आवडला तरी भरलेल्या बॅचमध्ये सर असेच थांबतात का हे त्यात दिसत नाही, त्यासाठी एक पूर्ण तास मुलाला बसवून बघा आणि घरी आल्यावर त्याची वही उघडा, चुकलेल्या गणिताशेजारी नुसती फुली आहे की काही विचारलेलं आहे ते बघा.