मोटरचा पलंग खुशाल घ्या, पण सीपॅप विकू नका

*"मोटरवाला पलंग आणि स्मार्ट गादी घ्या! डोकं वर केलं की घोरणं आणि स्लीप अ‍ॅप्निया कायमचा बंद, सीपॅप मशीनची गरजच नाही. नासाच्या झीरो ग्रॅव्हिटी पोझिशनमध्ये मणक्यावरचा भार शून्य. गादी रात्रभर तुमची गाढ झोप मोजते, तापमान आपोआप सांभाळते. अ‍ॅसिडिटी एका बटणावर गायब. घरातल्या म्हाताऱ्यांना हॉस्पिटलची खाट आणायला नको. प्रत्येक ग्रुपमध्ये पाठवा!!"*

मामींनी हे मला पाठवलं आणि खाली लिहिलं, "यांचं मशीन विकून टाकू या का? गिऱ्हाईक आहे." मामा गेली काही वर्षं सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून लावायचं मास्कचं मशीन, लावून झोपतात. मास्कचा त्यांना मनापासून कंटाळा आहे, त्यामुळे असा निरोप त्यांना गोड लागणारच. म्हणून पहिल्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त बोलतो. बाकीच्यांत फार तर पैसे बुडतील, या एकात माणूस बुडू शकतो.

आधी होतं काय ते बघा. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि पडजीभ मागे सरकते. वाट अरुंद झाली की हवा जाताना आवाज होतो, ते घोरणं. वाट पूर्ण किंवा बरीचशी बंद होऊन दहा सेकंद किंवा जास्त वेळ हवा नीट आत गेली नाही, तर तो अ‍ॅप्नियाचा एक झटका. रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मेंदू दचकून जागा होतो, माणूस आचका देऊन श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. असे झटके तासाला किती येतात, तो आकडा म्हणजे स्लीप स्टडीच्या, म्हणजे झोपेच्या तपासणीच्या, रिपोर्टवरचा एएचआय. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या वर तीव्र.

उताणं झोपल्यावर जीभ सरळ घशात पडते. डोक्याकडची बाजू उचलली की ते थोडं कमी होतं, हे खरं आहे. आणि फॉरवर्डवाल्यांना माहीत नसलं तरी त्यावर चांगला अभ्यासही आहे. २०१७ साली ब्राझीलच्या संशोधकांनी ५२ रुग्णांना डोक्याकडून फक्त साडेसात अंश उचललेल्या पलंगावर झोपवलं. त्यांचा एएचआय १५.७ वरून १०.७ वर आला, म्हणजे साधारण एक तृतीयांश कमी. एवढ्याशा चढाने एवढा फरक पडतो, हे मला स्वतःला अपेक्षित नव्हतं.

आता हाच आकडा मामांना लावून बघू. त्यांच्या रिपोर्टवर एएचआय ३८ आहे. तेवढ्याच प्रमाणात कमी केला की उरतात साधारण सव्वीस. म्हणजे पलंगाने त्याचं काम चोख केलं, तरी साधारण दर सव्वादोन मिनिटांना एकदा श्वास अडकणार. वर हा हिशोबही उदार आहे, कारण अभ्यासातला मधला रुग्ण मामांपेक्षा कितीतरी सौम्य होता. तीव्र आजारातही त्याच प्रमाणात फरक पडेल असं गृहीत धरणं हा आशावाद झाला. सीपॅपचं तसं नाही. ते मास्कमधून हवेचा दाब देऊन घशाची वाट उघडी धरून ठेवतं, आणि दाब बरोबर लावलेला असला की बहुतेकांचा एएचआय पाचाच्या खाली येतो.

याहून वाईट गोष्ट वेगळीच आहे. या पलंगांत 'अँटी-स्नोअर' नावाचा प्रकार असतो. मायक्रोफोनला घोरण्याचा आवाज आला की डोक्याकडचा भाग आपोआप थोडा वर येतो. आवाज कमी होतो, शेजारी झोपलेली व्यक्ती खूश. पण आवाज गेला म्हणजे आजार गेला असं नाही. वाट पूर्ण बंद झाली की आवाज येतच नाही, ती शांतता म्हणजेच झटका. मशीन येण्याआधी मामी ज्या आवाजाने जाग्या होऊन मामांना कूस बदलायला लावत होत्या, तो आवाजच हा पलंग काढून घेणार. सकाळी डोकं दुखणं, दुपारी पेपर वाचता वाचता डुलक्या लागणं, गाडी चालवताना झापड येणं, ही लक्षणं राहिली तर आजार जागेवरच आहे. गादीच्या अ‍ॅपमध्ये हिरवी टिकली दिसली म्हणून तो पळत नाही.

पलंग आणि मशीन एकत्र वापरायला कुणाचीच ना नाही. ज्यांचा आकडा सौम्य आहे आणि उताणं झोपल्यावरच वाढतो, त्यांनी तर डॉक्टरांना विचारून पलंग उचललेल्या स्थितीतच पुन्हा स्लीप स्टडी करून घ्यावी. मशीन बंद करायचं की नाही ते त्या रिपोर्टवर ठरतं. सेल्समनच्या किंवा मामींच्या गिऱ्हाइकाच्या सांगण्यावर नाही.

झीरो ग्रॅव्हिटी दोन ओळींत उरकतो. १९७३-७४ मध्ये स्कायलॅबवर अंतराळवीरांचं शरीर सैल सोडल्यावर कसं वाकतं ते नासाने नोंदवलं, पाठ आणि मांडी यांत सुमारे १२८ अंशांचा कोन. जाहिरातवाल्यांनी तो कोन उचलला, पण गुरुत्वाकर्षण पुण्यात आहे तिथेच आहे. पाठीला बरं वाटतं हे नाकारत नाही, मात्र गुडघ्यांखाली एक लोड ठेवून बरंचसं तेच फुकटात मिळतं. या पलंगांतल्या मसाजचंही तसंच. तो मसाज नव्हे, मोबाइलसारखं थरथरणं आहे.

अ‍ॅसिडिटीचा मुद्दा मात्र नाइलाजाने अर्धा मान्य करावा लागतो. झोपल्यावर पोटातलं आम्ल अन्ननलिकेत वर येणं, रात्री छातीत जळजळ, आंबट पाणी तोंडात येणं, खोकला, यासाठी डोक्याकडची बाजू उचलून झोपा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. पण पुरावा फार भक्कम नाही, हेही तिथेच म्हटलंय. उंची सहसा १५ ते २० सेंटिमीटर सांगतात. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली प्रत्येकी दोन विटा ठेवल्या की साधारण १५ सेंटिमीटर होतात, आणि आपल्याकडे कित्येक घरांत हे वर्षानुवर्षं चालू आहे. फोमची उतरती उशी हा दुसरा स्वस्त मार्ग. दोन उशांची चळत मात्र नको. तिने फक्त मान वाकते आणि पोट दाबलं जातं.

मग मोटरला पैसे का द्यायचे? दोन कारणं पटतात. विटांवरच्या पलंगावर जोडीदारालाही उतारावरच झोपावं लागतं, आणि रात्रीतून माणूस पायाकडे घसरतो. डोक्याची आणि गुडघ्यांची मोटर वेगवेगळी असेल तर गुडघ्यांकडचा भाग जरासा वर घेऊन घसरणं थांबवता येतं. फक्त दोन्ही भाग खूप वर घेऊन पोटाची घडी करू नका, त्याने पोटावर दाब येतो आणि जळजळ उलट वाढू शकते. दुसरं कारण, ज्यांना रात्री उठून बसायला त्रास होतो, गुडघे किंवा कंबर साथ देत नाही, त्यांना पाठीला आधार देत वर आणणारी मोटर खरंच मोठी सोय आहे. तेव्हा पैसे मोजायचेच असतील तर दोन स्वतंत्र मोटरी, आपली उंची लक्षात ठेवणारं साधं बटणांचं रिमोट, आणि डोकं वर जाताना पलंग भिंतीकडे सरकून बाजूचं टेबल हाताशी ठेवणारी रचना, यांना मोजा. ब्लूटूथ स्पीकर आणि पलंगाखालचे रंगीत दिवे यांना नको.

स्मार्ट गादी झोप मोजते म्हणजे नेमकं काय? तिच्यातला सेन्सर हालचाल, श्वास आणि हृदयाचे ठोके टिपतो. ते बरंच बरोबर असतं. गाढ झोप किंवा स्वप्नांची झोप ओळखायची तर मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि स्नायूंचा ताण मोजावा लागतो. प्रयोगशाळेत त्यासाठी डोक्याला इलेक्ट्रोड लावतात. गादी ठोक्यांवरून अंदाज बांधते आणि अ‍ॅप तो मिनिटांत छापतं. त्या आकड्यांची काळजी करून झोप उडालेल्यांसाठी डॉक्टरांनी २०१७ मध्ये 'ऑर्थोसोम्निया' असं नावही काढलं.

तापमान सांभाळण्यात तथ्य आहे, पण ते पाणी खेळवणाऱ्या गाद्यांपुरतं. त्या खरंच थंड करतात. मात्र गादीतून काढलेली उष्णता तिचं यंत्र त्याच खोलीत सोडतं, म्हणजे मे महिन्यात चंद्रपूरला पंखा-एसी लागणारच. 'कूलिंग जेल'चा फोम हाताला गार लागतो आणि थोड्याच वेळात अंगाइतकाच गरम होतो, त्याचे वेगळे पैसे देऊ नका. शिवाय इंटरनेटवर चालणाऱ्या गादीचं काय होतं ते २० ऑक्टोबर २०२५ ला जगाने पाहिलं. अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा कोलमडली आणि अमेरिकेत एट स्लीप कंपनीच्या काही ग्राहकांच्या गाद्या तापत राहिल्या, काहींचे पलंग वर उचललेल्या स्थितीतच अडकले. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि मग इंटरनेट नसतानाही चालेल अशी सोय केली. वर्गणी भरून मिळणारी ही झोप होती, हे विसरू नका.

म्हाताऱ्यांच्या खाटेबद्दलचा सल्ला निव्वळ चुकीचा आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेताना महत्त्वाचं असतं ते अख्ख्या पलंगाची उंची वर-खाली होणं, म्हणजे अंग पुसताना सांभाळणाऱ्याची कंबर मोडत नाही आणि पाय जमिनीला टेकवून उतरता येतं. शिवाय बाजूचे कठडे. घरगुती मोटरच्या पलंगात बहुधा यातलं काहीच नसतं, उलट जाड गादी टाकली की बसायची उंची वाढते आणि आजींचे पाय लोंबकळतात. सर्जिकल दुकानात फाऊलर बेड, म्हणजे हॉस्पिटलसारखी पाठ आणि गुडघे वर करता येणारी खाट, महिन्याच्या भाड्याने मिळतो. फक्त मागताना उंची बदलणारा आहे का ते विचारा, हँडलवाल्या साध्या बेडमध्ये बहुधा फक्त पाठ आणि गुडघे हलतात.

एक गोष्ट फॉरवर्डमध्ये नाहीच, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. जुनी काथ्याची गादी या पलंगावर चालत नाही. ती वाकत नाही, वाकवली तर मधे मोडते. कडेला जाड तार असलेली स्प्रिंगची गादीही नको. फोम, लॅटेक्स किंवा वेगवेगळ्या पिशव्यांतली स्प्रिंग लागते, म्हणजे पलंगाच्या किमतीत गादीही धरा. आणि आतल्या सामानाचा पेटीपलंग जाणार, तेव्हा रजया कुठे ठेवायच्या ते आधी ठरवा.

दुकानात गेलात तर डोकं पूर्ण वर न्यायला सांगा आणि प्लग काढायला लावा. अनेक पलंगांत अशा वेळी बॅटरीवर एकदा खाली आणायची सोय असते, कुठे दोन छोट्या नऊ व्होल्टच्या, कुठे वेगळी. ती बॅटरी कुठे बसते ते विक्रेत्याने दाखवायला हवं. त्याला ते शोधावं लागलं, तर रात्री दोन वाजता लाइट गेल्यावर तुम्हालाही शोधावं लागेल.